पावत्यांवरून दर: तीन महिन्यांनी एकदा वही उघडायची

आम्ही मुरगूडच्या कांदा-लसूण चटणीच्या गटातल्या बायका. मागच्या वेळी चटणी टिकवायची कशी ते बोललो होतो, आज दराचं बोलायचं आहे. दर ठरवताना आमची एकदा चांगलीच फजिती झाली. तिथूनच सुरुवात करतो, कारण त्याशिवाय पुढचं सांगण्याला अर्थ नाही.

आमच्या चटणीचा दर दोन वर्षं 400 रुपये किलो होता. वाढवायचा विषय निघाला की कुणीतरी म्हणायची, "नको बाई, गिऱ्हाईक तुटेल," आणि आम्ही गप्प बसायचो. दरवेळी वाढ थोडीच असायची. लसूण थोडा महागला, खोबरं थोडं महागलं, डंकवाल्यानं कांडणावळ किलोमागं दोन-तीन रुपयांनी वाढवली. एवढ्या-तेवढ्याला काय दर बदलायचा, असं वाटायचं. मग एका फाल्गुनात मिरची भरायची वेळ आली आणि गटाच्या खात्यात पैसेच नव्हते. दरवर्षी वर्षभराच्या नफ्यातून मिरची भरायचो. त्या वर्षी बचतीतून कर्ज काढावं लागलं. पैसे गेले कुठं म्हणून शोधायला बसलो तेव्हा कळलं, की कुणी खाल्ले नव्हते, चटणीनंच खाल्ले होते.

मग घाबरून एकदम 60 रुपये वाढवले. 400 चे 460. दुकानदारांनी पुड्या परत पाठवल्या. एका खानावळवाल्या काकांनी तर तोंडावरच सांगितलं, "दोन वर्षं परवडत होतं, मग आजच काय झालं?" दोन महिने विक्री निम्मी झाली. गेलेल्यांतली काही गिऱ्हाईकं परत आली, काही आलीच नाहीत.

60 रुपये म्हणजे 400 वर 15 टक्के. हा आकडा तुम्ही आणखी एके ठिकाणी ऐकलाय. 25 जानेवारी 2025 पासून एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं. त्याआधीची वाढ ऑक्टोबर 2021 मधली. मधली तीन वर्षं भाडं तेवढंच आणि मग एकदम एवढं. स्टँडावर किती आरडाओरडा झाला ते आपण पाहिलंच. आता दुसरी गोष्ट आठवा. जानेवारी 2013 मध्ये सरकारनं तेल कंपन्यांना डिझेल दर महिन्याला लिटरमागं 50 पैशांच्या आसपास वाढवायला परवानगी दिली. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचा दर मोकळा होईपर्यंत हे चाललं. त्या दीड-पावणेदोन वर्षांत डिझेल बरंच महागलं, पण आमच्यातल्या कुणालाही त्यातला एकही दिवस आठवत नाही. आमचं भांडण महागाईशी नव्हतं, धक्क्याशी होतं, हे आम्हाला त्यावरून कळलं.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांतल्या पहिल्या सोमवारी दुपारी वही उघडतो. काही महागलं असो वा नसो, वही उघडायचीच. ठरलेला दर त्या महिन्याच्या 15 तारखेपासून लागू होतो, म्हणजे दुकानदारांना निदान आठवडाभर आधी सांगता येतं. दर महिन्याला का नाही, असं काहीजणी विचारतात. आमचं खोबरं दीड-दोन महिन्यांनी येतं. दर महिन्याला बसलो तर निम्म्या मालाची नवी पावतीच हातात नसते, मग अंदाजपंचे बोलणं सुरू होतं. तुमचा धंदा दुधाचा किंवा वडापावचा असेल तर महिना बरोबर. शिवणकामाचा असेल तर सहा महिनेसुद्धा चालतील. पावत्या किती दिवसांनी येतात ते बघून तारीख धरा.

वहीत एका घाण्याचा हिशोब लिहिलेला आहे. एक घाणा म्हणजे 10 किलो मिरची, ब्याडगी आणि लवंगी मिळून. त्यात 5 किलो कांदा, अडीच किलो लसूण, अडीच किलो सुकं खोबरं, अडीच किलो धणे, एक किलो तीळ, जिरं-दगडफूल-लवंग वगैरे खडा मसाला, अडीच किलो मीठ आणि अडीच किलो तेल. (गडहिंग्लजच्या सौद्यातली खरी जवारी संकेश्वरी मिरची आम्ही यात घालत नाही. तिचा दर ऐकूनच घाम फुटतो. तिची चटणी फक्त मागणीवर, आणि तिचा हिशोब वेगळ्या पानावर.) पहिल्यांदा हे पान मांडलं तेव्हा घाण्याचा माल 5,000 रुपयांना पडत होता. कांडणावळ, पिशव्या, गॅस, गाडीभाडं आणि आमचे रोज मिळून 2,500. एकूण 7,500. घाण्याला 22 किलो चटणी निघते, 400 नं तिचे 8,800 व्हायचे. उरलेले 1,300 मिरचीच्या खात्यात. आकडे तुम्हाला ऐकून लक्षात राहावेत म्हणून थोडे गोल केलेत.

दोन वर्षांत मालाला 775 रुपये जास्त लागायला लागले होते आणि वरखर्चाला 375. म्हणजे 1,300 मधले 1,150 गेले आणि घाण्यामागं 150 उरले. बघा, एकही वस्तू अशी नव्हती की जिच्याकडे बोट दाखवून म्हणावं, हिनं बुडवलं.

आता आढाव्याला बसलो की फक्त एवढंच करतो: मागच्या वेळी कुठला दर लिहिला होता, नव्या पावतीवर कुठला आहे, आणि फरकाला घाण्यातल्या किलोंनी गुणायचं. एका ऑक्टोबरचं उदाहरण सांगतो. लसूण किलोला 60 रुपयांनी चढला होता, अडीच किलोचे 150. खोबरं 40 नं, त्याचे 100. तेल 25 नं, त्याचे 62. जिरं उतरलं होतं म्हणून खड्या मसाल्यात 40 कमी. मिरची वर्षाची भरलेली, तिच्यात फरक नाही. बेरीज 272. त्याला 22 किलोनं भागलं की किलोमागं 12 रुपये आणि वर थोडं. बस्स, एवढंच गणित. चौथी शिकलेल्या आमच्या मावशी ते करतात. बाकीच्या मोबाईलवर ताळा बघतात.

आता या 12 रुपयांचं करायचं काय? दुकानदार म्हणतो सुटे नकोत, गिऱ्हाईक म्हणतं 472 हा काय आकडा झाला. म्हणून किलोची पुडी 460 ची 470 केली आणि उरलेले 2 रुपये वहीत "पुढे" असं लिहून ठेवले. पावकिलोची पुडी 115 ची. तिला 3 रुपये वाढायला हवे होते, पण 118 कुणी सुटे देणार नाही, म्हणून तिला हातच लावला नाही, 3 "पुढे" लिहिले. जानेवारीत परत बसलो तेव्हा फरक किलोमागं 4 निघाला. त्यात मागचे 2 मिळवून 6. किलोला 5 वाढवले, 475 झाले, एक पुढे. पावकिलोला जानेवारीचा एक आणि मागचे 3 मिळून 4. तिथं 5 वाढवून 120 केले आणि एक रुपया जास्त घेतला म्हणून वहीत वजा एक लिहिला. हा "पुढे"चा रकाना नसता तर ते सुटे रुपये विसरले गेले असते आणि दोन वर्षांनी परत 60 रुपये होऊन उभे राहिले असते.

कुठल्या पावतीचा दर धरायचा, यावर आमच्यात खूप वाद झाला. एकीचं म्हणणं, ज्या दरानं आणलं तोच धरा. दुसरीचं म्हणणं, आज बाजारात जो आहे तो धरा. शेवटी आम्ही एकच प्रश्न धरला: आजपासून पुढच्या आढाव्यापर्यंत आपण कुठला माल वापरणार? मिरचीची पोती घरात भरलेली आहेत, तीच वापरणार, तर तिच्या खरेदीचा दर. तेल, खोबरं परत आणावं लागणार, तर शेवटच्या पावतीचा दर, कारण पुढचा डबा त्याच किमतीला मिळणार.

लसणाचं मात्र वेगळं आहे. लसूण-कांदा आठवड्याला उड्या मारतात. 2024 च्या सुरुवातीला लसूण किरकोळीत 400 रुपये किलोच्या घरात गेला होता, आठवतं ना? नेमका तेव्हाचा एक भाव धरून दर ठरवला असता तर चटणी उगाच महाग झाली असती, आणि नवा लसूण आल्यावर परत उतरवावी लागली असती. म्हणून लसूण-कांद्याच्या शेवटच्या तीन पावत्यांची सरासरी काढतो. खोबरं तसं नाही. ते 2025 मध्ये चढत गेलं, तेव्हा सरासरी धरली असती तर आम्ही सतत मागं पडलो असतो.

आणि पावती म्हणजे पक्की पावती हवी, हे आम्हाला ठेच लागून कळलं. चिठ्ठीवर नुसतं "मिरची" लिहिलं असेल तर ती ब्याडगी की लवंगी हे तीन महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही. पोतं उघडल्यावर बारदान वजा करून खरं वजन किती भरलं ते पावतीच्या मागं पेनानं लिहा. हमाली आणि भाडं त्याच पावतीवर चढवा आणि मग किलोचा दर काढा.

तेलात तर आम्ही एकदा सरळ फसलो. नेहमीचा डबा 2,100 ला यायचा, एका खेपेला 2,050 ला मिळाला. 50 रुपये वाचले म्हणून खूश होतो. आढाव्याच्या दिवशी मावशींनी पावती वाचली. आधीचा डबा 15 किलोचा होता, हा 15 लिटरचा. एक लिटर तेल भरतं साधारण 910 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरचे साडेतेरा किलोपेक्षा थोडंच जास्त. आधी किलोला 140 पडत होतं, आता 150. स्वस्त डबा 10 रुपयांनी महाग होता. दुकानदारानं फसवलं असं नाही, डब्यावर लिहिलेलंच होतं. वाचलं आम्ही नव्हतं.

आणखी एक तपासणी आम्ही पावत्यांच्याही आधी करतो. गेल्या तीन महिन्यांत घाण्याला किती किलो निघाले? दर घाण्याला चटणी तोलून वहीत लिहितोच. 22 च्या जागी 21 निघायला लागले तर त्याच 7,500 च्या खर्चात किलोमागं 16 रुपये वाढतात, म्हणजे आमच्या ऑक्टोबरच्या वाढीपेक्षाही जास्त. एकदा तसं झालंही. मिरची नीट वाळलेली नव्हती, देठंही जास्त होती आणि वजन भरलं होतं पाण्याचं. अशा वेळी दर वाढवला तर आपल्या चुकीचे पैसे गिऱ्हाईक देतं. त्या खेपेला आम्ही दर वाढवला नाही, मिरची परत उन्हात घातली आणि पुढच्या खरेदीला पोत्यात हात घालून मिरची मोडून बघायला लागलो. वाळलेली कडकन मोडते, ओली नुसती वाकते.

कायद्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. पुडीवर एमआरपी छापलेली असेल तर तिच्यापेक्षा जास्तीनं विकता येत नाही, आणि दर वाढवायला जुन्या किमतीवर नवी चिठ्ठी डकवता येत नाही. कमी करायला चिठ्ठी चालते, तीही जुना दर झाकू न देता. म्हणजे दुकानात गेलेला माल जुन्याच दरानं संपणार आणि नवा दर नव्या घाण्यालाच लागणार. आम्ही स्वस्त पडतात म्हणून पाच हजार लेबलं दरासकट छापून घेतली होती. वर्षभर त्या दरानं आमचे हात बांधले. आता लेबलावर एमआरपी आणि तयार केल्याची तारीख यांची जागा कोरी ठेवतो आणि शिक्का मारतो. 15 तारीख जवळ आली की दुकानात जुन्या दराचा माल भरून ठेवायची घाईसुद्धा करत नाही, नाहीतर नवा दर लागायला दोन महिने जातात.

तीन महिन्यांच्या मध्येच मोठा धक्का बसला तर? 14 सप्टेंबर 2024 ला केंद्र सरकारनं खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क एकदम वाढवलं. कच्च्या तेलावर काहीच नव्हतं ते 20 टक्के झालं, रिफाइंडवर साडेबाराचं साडेबत्तीस. दिवाळी दीड महिन्यावर होती. आमच्या चटणीत तेल कमी, त्यामुळं आम्ही ऑक्टोबरपर्यंत थांबू शकलो. पण शेजारच्या गल्लीतल्या बायकांचा धंदा चकली-शेवेचा, त्यांचा निम्मा जीव कढईतल्या तेलात. त्या थांबल्या असत्या तर दिवाळी फुकट गेली असती. म्हणून आमचा एक नियम आहे: घाण्याचा एकूण खर्च वीसांत एक, म्हणजे पाच टक्क्यांपेक्षा जास्त वाढला तर तारखेची वाट न बघता बसायचं. नुसती एक वस्तू दुप्पट झाली म्हणून नाही, एकूण खर्च बघून. आजवर तशी वेळ एकदाच आली.

दर उतरले तर काय करायचं, यावर अजून आमचं एकमत नाही. एका एप्रिलमध्ये नवी मिरची किलोला 20 रुपयांनी स्वस्त मिळाली, घाण्याला 200 रुपये वाचले. त्याच बैठकीत आमचा रोजही वाढवायचा होता. रोजाची पावती कुणी देत नाही, म्हणून तो वर्षातून एकदा एप्रिलमध्ये ठरवतो. नाहीतर सगळ्यांचे दर वाढतात आणि आपल्या घामाचा तेवढाच राहतो. घाण्याला साडेचार रोज लागतात, रोजामागं 20 वाढले, त्याचे 90. इतर माल 30 नं महाग. सगळं मिळून खर्च 80 रुपयांनी उतरला, किलोमागं साडेतीनच्या वर. "पुढे"चा एक रुपया वजा करून गिऱ्हाइकाच्या बाजूनं 3 रुपये निघाले. काहीजणी म्हणाल्या, तीन रुपयांसाठी कोण बघतंय, राहू दे आपल्याकडे. शेवटी दर तोच ठेवला, पण वहीत वजा तीन लिहिले. पुढच्या वाढीतून ते कापले जातील. उद्या 10 किंवा त्याहून जास्त उतरले तर पुडीवरचा दर उतरवायचा, एवढं मात्र ठरलंय. आमच्या मते तसं एकदा तरी व्हावं. वाढवताना पावती दाखवणाऱ्यानं उतरवतानाही दाखवली पाहिजे.

पावती दाखवायची म्हणजे आकडा सांगायचा, कागद नव्हे. घरगुती गिऱ्हाइकाला आम्ही वहीचं पान दाखवतो. दुकानदाराला मालाची मूळ पावती देत नाही, नाहीतर आपण खोबरं कुठून आणतो ते सगळ्या बाजारपेठेला कळतं.

पाटीवर आता असं लिहिलेलं असतं: "हा दर 15 एप्रिलपासून. पुढचा आढावा जुलैत." पहिल्यांदा लावली तेव्हा आम्हालाच भीती वाटली होती, की आपणच वाढीची आठवण करून देतोय. झालं उलटंच. परवा एक काकी पुडी घेताना म्हणाल्या, "जुलैत वाढणार असेल तर दोन किलो आत्ताच दे गं." आणि ज्या खानावळवाल्या काकांनी आम्हाला सुनावलं होतं, त्यांच्या वहिनी मध्ये येऊन गेल्या. त्यांना आमची पाटी नको होती, वहीचं पान कसं आखलंय ते बघायचं होतं. थाळीचा दर त्यांनी तीन वर्षं बदललेला नाही.

त्यांना पान आखून दिलं. तांदूळ, डाळ, तेल, आणि खानावळीचा 19 किलोचा सिलिंडर. सिलिंडरचा दर दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, म्हणून त्यांना आम्ही आढाव्यासाठी महिन्याची पाच तारीख सुचवली. त्यांनी पहिल्याच बैठकीला पिशवीभर चिठ्ठ्या आणल्या. त्यातल्या निम्म्यांवर तारीखच नव्हती. आता तारखेच्या पावत्या जमेपर्यंत त्यांना एक महिना थांबायला लागेल. आमचा पुढचा आढावा जुलैच्या पहिल्या सोमवारी दुपारी तीन वाजता आहे. ज्यांना बघायला यायचं असेल त्यांनी यावं, येताना आपल्या पावत्या आणाव्यात.